पाठीवरची शिबं

पाठ आपली असली तरी आपल्याला दिसत नाही. ती दुसऱ्यानं बघून सांगायची असते. माझ्या पाठीचं मला माझ्या जोडीदारानं सांगितलं, आणि त्या दिवसापासून माझं ताळतंत्र गेलं.

जोडीदार म्हणजे पालखीतला जोडीदार. आमच्या गावच्या ग्रामदेवतेच्या पालखीला शिमग्यात पहिला खांदा आमच्या घराचा. माझ्या बापानं दिला, मग मी देत आलो. दांड्याला पुढं मी आणि माझ्या पाठीमागं तो. पालखी नाचायला लागली की मागच्याचं कपाळ पुढच्याच्या पाठीला टेकतं. तसं टेकलं नाही तर पावलं जुळत नाहीत आणि देव हेलकावे खातो. त्याचं कपाळ माझ्या पाठीला इतकी वर्षं टेकलंय की बायकोनंसुद्धा माझी पाठ एवढी ओळखली नसेल. आणि आमच्याकडं खांदेकरी उघडा असतो. कमरेला धोतर, डोक्याला रुमाल, अंगात काही नाही. देवाच्या खाली अंग झाकून कोण उभा राहणार?

भातकापणी झाली होती. पाऊस गेल्यावर आमच्याकडं जे ऊन पडतं ते अंगाला चिकटतं. भारे वाहून झाले आणि मी विहिरीवर सदरा काढून पाणी ओतून घेत होतो. जोडीदार कठड्यावर बसून विडी ओढत होता. तो ओढायचा थांबला.

“तुज्या पाटीवर काय उटलंय रं?”

“काय उटणार? जांभ्याचे चिरे वाहिलेली पाट हाय. पंख फुटले असतील.”

तो हसला नाही. जवळ आला, बोट लावायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. मला ते दिसलं. “पांढरं पांढरं हाय,” तो म्हणाला. “ठिपके ठिपके, आणि मधी जमून गेलेत. खांद्यावर चढलंय एक.”

घरी आलो. कपाटाच्या आरशात उजव्या खांद्याच्या कडेवरचा एक फिकट चट्टा दिसला, पाठीकडून वर चढून आल्यासारखा. छातीवर बघितलं तर तिथं पण होते, पण ते पांढरे नव्हते, तपकिरी होते, चहाचा थेंब वाळावा तसे. नखानं खरडलं तर पिठासारखा कोंडा निघाला.

सुनेला दाखवलं ते फक्त छातीवरचं. मुलगा मुंबईत असतो, घरात सून, तिची सहा वर्षांची पोर आणि मी. सून म्हणाली, “शिबं असतील बाबा. घामानं होतात. माज्या माहेरी कितीतरी जणांना होती.”

शिबं. हा शब्द ऐकून दुसऱ्या कोणाला बरं वाटलं असतं. मला वाटलं नाही, कारण हा शब्द मी आधी एकदा ऐकलेला.

मी दुसरीतनं शाळा सोडली त्या सुमाराची गोष्ट. आमच्या वाडीत एक माणूस होता, पालखी नाचवावी तर त्यानं. उंच, काळा, अंगानं सागवानी. त्याच्या पाठीवर फिकट चट्टा आला तेव्हा सगळे म्हणाले, शिबं असतील. तो पण हसून म्हणायचा, शिबं हायत. मग एक दिवस तो चुलीपाशी बसलेला असताना त्याच्या पायाच्या बोटाला निखारा लागला आणि तो बोलत राहिला. त्याच्या बायकोला करपल्याचा वास आला म्हणून तिनं बघितलं. त्यानंतर त्याला कोणी शिबं म्हणालं नाही. चिऱ्याच्या जुन्या खाणीपलीकडं कातळावर त्याला खोपटं बांधून दिलं. माझी आई भाकरी एका चिऱ्यावर ठेवायची, मागं सरायची, मग तो येऊन उचलायचा. त्याची बोटं आखडत गेलेली मी बघितली. तो मेला त्या पावसानंतर खोपटं जाळलं. तो चिरा अजून तिथं हाय. त्याच्यावर कोणी बसत नाही, आणि कोणाला विचारलं तर का बसत नाही ते सांगत पण नाही.

तर शिबं म्हणजे काय, ते मला नको सांगायला, असं मला वाटत होतं.

छातीवरचं एक आणि पाठीवरचं दुसरं, हे मी माझ्या मनात ठरवलं. छातीवरचं तपकिरी, ती शिबं. पाठीवरचं पांढरं, ते दुसरं काहीतरी. एकाच रोगाला दोन रंग कसे असतील? हे मी कोणाला विचारलं नाही. मी कोणाला काही विचारत नाही, हा माझा स्वभाव लहानपणापासूनचा.

कोरडं पडलंय, कोंडा निघतोय, म्हणजे कातडीला तेल पाहिजे, हे कोणी पण सांगेल. आमच्याकडं कोकमाच्या बियांचं मुठेल असतं, टाचेच्या भेगांना लावतात. ते मी गरम करून अंगभर चोळायला लागलो. पाठीवर हात पोचत नाही तिथं फडक्याला लावून दोन्ही टोकं धरून घासायचो. वर खोबरेल. आणि कोणाला दिसू नये म्हणून सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत. मुलानं मुंबईहून आणलेला टेरिकॉटचा सदरा, वारा म्हणून आत जात नाही. थंडीत चट्टे जरा फिके वाटले. मी मनात म्हटलं, बघा, मुठेलानं काम केलं.

मग आंब्याची राखण सुरू झाली. म्हातारपणी मी आणि जोडीदार, दोघं एका बागेत राखणीला असतो, हातखंब्याच्या अलीकडं. वानरं हाकायची, पडलेली कैरी उचलायची. मोहोरानंतर उकाडा असा येतो की झाडाखाली बसून पण घाम पाठीवरनं वाहतो. सदरा भिजायचा, अंगावर वाळायचा, परत भिजायचा. पंधरवड्यात छातीवरचे ठिपके जुळून एक झाले, गळ्याकडं चढले. घाम आला की पाठीला बारीक टोचल्यासारखं व्हायचं. आणि जोडीदार, जो इतकी वर्षं माझ्या कळशीला तोंड लावायचा, तो घरनं पाण्याची बाटली आणायला लागला.

“बाटली कशाला रं?” मी विचारलं.

“नातवानं दिलीय. गार ऱ्हातं.”

“बघू.”

“माज्या तोंडाची हाय,” तो म्हणाला आणि बाटली मांडीखाली सरकवली.

त्या दुपारी तो वानरांमागं गेला तेव्हा मी करवंदीच्या जाळीतला एक काटा मोडला. टोकदार, टणक. सदरा उतरवला. पाठीवर माझा हात जातो तो एकाच जागी, डावा हात उजव्या खांद्यावरनं मागं टाकला तर. बरोबर तिथंच तो चढून आलेला चट्टा. मी काटा टोचला. काही कळलं नाही. अजून दाबला. काही नाही. छातीवर टोचला तर लगेच रक्ताचा थेंब आला आणि मी हललो. परत खांद्यावर टोचला, गोल गोल फिरवला. जणू दुसऱ्याच्या खांद्यावर टोचतोय.

निखारा लागला तरी बोलत राहिलेला तो माणूस मला समोर दिसला. मी काटा जाळीत फेकला आणि जोडीदार परत यायच्या आत सदरा चढवला.

त्या दिवसापासून मी माझं ताट वेगळं केलं. सुनेला सांगितलं, मला पडवीत वाढ, आत उकडतं. माझा तांब्या, माझा पेला मी स्वतः घासायला लागलो, राखेनं, परसात. अंथरूण पडवीत आणलं. नात मांडीवर बसायला यायची तर म्हणायचो, सर, घाम आलाय. ती पाठीवर चढायची तिची सवय, “आजोबा घोडा” म्हणत, ती मी तोडली. सून बघत होती. तिचं तोंड दिवसेंदिवस आखडत चाललं होतं. तिला वाटलं, म्हातारा रागावलाय, तिच्या हातचं नको झालंय.

शिमगा जवळ येत होता. रोज नवं कारण सुचत होतं मला. गुडघा दुखतो म्हणावं. चक्कर येते म्हणावं. पण पहिला खांदा एकदा सोडला की सुटला. मुलगा मुंबईत, त्याला मागं ओढून कोण आणणार? आणि न सोडता उघड्या अंगानं देवाखाली गेलो तर सगळं गाव माझ्या पाठीकडं बघणार. दोन्हीकडनं माझा शेवट एकाच जागी होत होता, त्या खाणीपलीकडच्या कातळावर. तिकडं मी एकदा जाऊन पण आलो. खोपट्याची जागा बघितली. जमीन बरी होती, वारा होता. विहीर लांब.

अशात आशाताई आली. गावातलीच पोर, आमच्या वाडीत औषधपाण्याचं, लसींचं तीच बघते. बरोबर एक बाप्या. घरोघर जाऊन चट्टे बघत होते.

“आजोबा, अंगावर कुटं फिकट, लालसर चट्टा? कुटं बधिर लागतं?”

“नाय.”

“सदरा काढा जरा. ह्यो बगंल. मी आत जातंय.”

“कशाला? मी काय बाजारात मांडलेला बैल हाय? दात पण बग आता.”

बाप्या हसला. आशाताई हसली नाही. “दात नको. पाट दाखवा.”

“सांगितलं ना, काय नाय.”

नात उंबऱ्यात उभी होती. “हाय की!” ती म्हणाली. “आजोबांच्या पाठीवर नकाशा हाय. शाळेत भिंतीवर असतो तसा. मी न्हाताना बघितलाय.”

मी तिच्याकडं असं बघितलं की ती आत पळाली. आशाताई उठली. जाताना उंबऱ्याबाहेर थांबून माझ्याकडं न बघताच बोलली, “तो रोग असला तरी घाबरायचं नाय, आजोबा. गोळ्या फुकट मिळतात, पुऱ्या घेतल्या की बरा होतो. पैल्यासारखं गावाबायर काडत नायत आता कुणाला. लपवलं तरच बोटं जातात.”

ती गेली आणि मी दिवसभर माझ्या बोटांकडं बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बागेतनं जेवायला घरी आलो होतो. तांब्या पडवीत होता. नात खेळून आली, तहानलेली, आणि तिनं माझा पेला भरून तोंडाला लावला. मी झेप घेतली. पेल्याला असा फटका मारला की तो अंगणात जाऊन पडला आणि तिच्या ओठाला लागलं. ती रडली नाही लगेच. माझ्याकडं बघत राहिली, मग रडली.

सून बाहेर आली. पोरीला जवळ घेतलं, ओठ पुसला. मग माझ्यासमोर उभी राहिली. सासऱ्यासमोर ती कधी अशी उभी राहिली नव्हती.

“बाबा, माज्या पोरीनं काय केलंय तुमचं? हात लावू देत नाय, मांडीवर घेत नाय. माज्या हातचं नको तर तसं सांगा. मी जाते मायेरी.”

“तसं नाय.”

“मग कसं हाय?”

मी सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या. घाईत एक गुंडी तुटली. पाठ तिच्याकडं केली आणि भिंतीकडं बघत म्हणालो, “महारोग हाय मला. खांदा बधिर झालाय. काटा टोचून बघितलाय मी.”

मला वाटलं ती मागं सरली असणार. मग माझ्या पाठीवर पोरीचा नाही, तिचा हात आला. थंड, ओला, पीठ लागलेला. सगळी पाठ तिनं चाचपली.

“तेल कोण चोळतो एवढं?” ती म्हणाली. “उद्या पयल्या एसटीनं जायचं.”

रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात कातडीच्या डाक्टरीणबाई होत्या, मुलीच्या वयाच्या. मी सदरा काढला ते कोणाकडं न बघता. सून दाराशी उभी. बाईंनी आधी पाठ बघितली, मग छाती. काचेच्या पट्टीच्या कडेनं चट्टा खरडला, निघालेला कोंडा दुसऱ्या काचेवर घेतला, त्याच्यावर काहीतरी टाकलं आणि भिंगाखाली लावायला आतल्या माणसाकडं दिला.

“डोळे मिटा बाबा. लागलं की ‘हो’ म्हणा.”

कापसाची वात पाठीवर फिरायला लागली. हो. हो. कमरेवर, हो. मानेखाली, हो. मला मुंगी चालल्यासारखं कळत होतं. हो म्हणताना माझा आवाज चढत गेला. मग एकदम काहीच नाही. दवाखान्यात पंखा फिरत होता तेवढाच आवाज.

“आता?” बाईंनी विचारलं.

“आता कुठं लावताय?”

“खांद्याला.”

“तेच,” मी म्हणालो. “तेच मी सांगतोय.”

त्यांनी माझ्या खांद्यावर अंगठा दाबला, फिरवला. मग माझ्या कोपराच्या मागं, गुडघ्याच्या बाजूला शिरा चाचपल्या. “काय वाहायचात तुम्ही?”

“चिरे. खाणीतनं वर. आता आंब्याची खोकी. आणि पालखी.”

“ह्याच खांद्यावर?”

“दुसऱ्या कुठल्या?”

“अहो, हा घट्टा आहे. इथली कातडी बैलाच्या खांद्यासारखी जाड झालीय. इथं सुई टोचली तरी चटकन कळणार नाही. आणि तुम्ही बरोबर इथंच टोचून बघितलंत.”

“हात तिथंच पोचतो,” मी म्हणालो.

“चट्ट्यांवर सगळीकडं तुम्हाला कळतंय, शिरा बऱ्या आहेत. हा महारोग नाही.” आतला माणूस येऊन त्यांच्या कानाशी बोलला, त्या उठून भिंगात बघून आल्या. “शिबंच आहेत. ही एक बुरशी. माझ्या अंगावर आहे, तुमच्या सुनेच्या अंगावर आहे, सगळ्यांच्या कातडीवर असते, गप पडून. घाम, उकाडा आणि तेल मिळालं की माजते. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. वेगळं ताट-पेला काही नको.”

“दोन रंग कसे मग?”

“होतं तसं. कुठं रंग कमी करते, कुठं वाढवते. म्हणून तर फसायला होतं. तेल काय लावता?”

“मुठेल.”

“तुम्ही तिला रोज जेवायला घालत होतात.”

सून दाराशी हसली. पहिल्यांदाच हसली त्या महिन्यात. मी नाही हसलो.

औषध दिलं, साबणासारखं फेसाचं. अंगाला लावून थोडा वेळ ठेवायचं, मग न्हाऊन टाकायचं. तेल बंद, टेरिकॉट बंद, सुती सदरा, भिजला की बदलायचा. मी विचारलं, शिमग्यापर्यंत जाईल ना?

“बुरशी जाईल. डाग जाणार नाही. कातडीचा रंग भरायला महिने लागतात, म्हणून औषध लागलं नाही असं समजून परत काही चोळू नका. आणि पुढच्या उकाड्यात परत येऊ शकतं. आलं की या.”

परत येताना एसटीत सून माझ्या शेजारी बसली होती. मी खांद्यावर हात ठेवून बसलो होतो. ज्या घट्ट्याचा मला जन्मभर ताठा, तोच माझ्यावर उलटला होता.

घरी आल्यावर नातीला पाठीवर घेतलं. तिनं बोटानं नकाशा फिरून बघितला. हा समुद्र, हे रत्नागिरी, ही मुंबई, बाबा इथं.

जोडीदाराला मी बागेत गाठून सांगितलं. डाक्टरीण काय म्हणाली ते सगळं, भिंगासकट. तो मान हलवत होता.

“शिबंच मग,” तो म्हणाला.

“शिबंच.”

“बरं झालं.” त्यानं विडी पेटवली. “त्याला पण शिबंच म्हणायचे, न्हाय?”

तो माझ्या वयाचा. खोपटं जळताना तो माझ्या शेजारी उभा होता.

“मला भिंगातनं बघून सांगितलंय,” मी म्हणालो. “त्याला कोणी बघितलं होतं?”

“तसं नाय,” तो म्हणाला. “मी आपलं आठवलं म्हणून.”

बाटली त्यानं पुढं केली नाही. मी मागितली नाही.

शिमगा आला. सहाणेच्या चौथऱ्यावर पालखी सजली, ढोल सुरू झाले, गुरवानं गाऱ्हाणं घातलं. पहिल्या खांद्याला आमच्या घराची हाक आली. मी सदरा काढला. चट्टे होते तसेच पांढरे, कोंडा तेवढा गेलेला. सगळ्या गावाला दिसले. कोणी काही बोललं नाही. माणसं बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. मी दांड्याखाली खांदा घातला, घट्ट्यावर, आणि उभा राहिलो.

मागची जागा रिकामी होती. मानकऱ्यांनी दोनदा हाक मारली. ढोलवाला मागं वळून बघायला लागला. मी वळलो नाही. मला कोणाची वाट बघायची नव्हती, आणि मी बघत होतो.

मग पावलं आली. मी ओळखली, तो एका पायानं जरा फरपटतो. दांडा उचलला गेला, देव हलला, पालखी नाचायला लागली. घाम फुटला, पाठीवरनं वाहायला लागला, तीच बारीक टोचणी सुरू झाली. मी वाट बघत होतो ते कपाळ पाठीला टेकायची. त्याचा श्वास लागत होता, गरम, मानेखाली. पण तो एक वीत मागं राहिला. पुढच्यामागच्यात वीतभर जागा राहिली की पावलं जुळत नाहीत आणि भार पुढं येतो. त्या पुऱ्या फेऱ्यात भार माझ्या खांद्यावर आला. देव हेलकावे खात होता आणि गाव ओरडत होतं, नाचवा, नाचवा.

मी नाचवला. खांद्याला काही कळत नव्हतं, पण पाठीला तेवढी वीतभर जागा सारखी कळत होती.

पालखी खाली ठेवली तेव्हा तो माझ्या समोर आला, रुमालानं तोंड पुसत. “दमलास काय?” त्यानं विचारलं.

“मी?” मी म्हणालो. “मी दमलो तर चिरे कोण वाहील?”

आता पाऊस सरून परत उकाडा आलाय. काल न्हाताना छातीवर नखानं खरडून बघितलं. पीठ निघालं, थोडंसं. सून म्हणते, चला बाबा, एसटीनं जाऊन येऊ. जाणार हाय मी. औषध आणीन, लावीन. पण पुढच्या शिमग्याला माझ्या मागं वीतभर जागा राहील का दोन वीत, ते त्या बाईंच्या भिंगात दिसायचं नाही.